बँकेत पावणेसहा लाख वाढले, तरी ट्रस्ट तुटीत कसा?

प्रश्न: तालुक्याच्या गावी आमचा सार्वजनिक वाचनालयाचा ट्रस्ट आहे. मी यंदाच खजिनदार झालो. १ एप्रिल २०२४ ला बँकेत १,४०,००० होते, ३१ मार्च २०२५ ला ७,१०,००० आहेत. तरीही ऑडिटरांनी उत्पन्न-खर्च पत्रकात ७५,००० तूट दाखवली आहे. वर्षभरात जमा अशी: साधारण देणग्या २,६०,०००, वर्गणी १,९०,०००, मुदत ठेवीचं व्याज ६०,०००, एका देणगीदाराकडून कायम निधीसाठी ५,००,०००, शिष्यवृत्त्यांसाठी ३,००,०००, नव्या सभासदांची अनामत ४०,०००. खर्च असा: पगार ३,३०,०००, वीज-दुरुस्ती-छपाई १,५०,०००, संगणक आणि कपाटं १,२०,०००, शिष्यवृत्त्या १,८०,०००. ऑडिटरांचं पत्रकही सोबत पाठवतो. नुसतं जमा-खर्च पत्रक धर्मादाय कार्यालयात दिलं तर चालणार नाही का? उरलेल्या पैशातून छताची दुरुस्ती करावी असं विश्वस्तांचं म्हणणं आहे.

उत्तर: छताचं काम तूर्त थांबवा. तुमच्या बँकेत ७,१०,००० आहेत हे खरं, पण त्यातला एकही रुपया छतासाठी मोकळा नाही. उलट २०,००० कमी पडताहेत. ऑडिटरांचं पत्रक बरोबर आहे आणि तुमची बेरीजही बरोबर आहे. दोन्ही कागद वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, एवढंच.

जमा-खर्च पत्रक, म्हणजे आपण बोलताना ज्याला रिसीट-पेमेंट म्हणतो ते, किर्दीचा सारांश असतो. पैसा आला की जमेला, गेला की खर्चाला. तो कुणाचा, कशासाठी आला, कुठल्या वर्षाचा, हे तो कागद विचारत नाही. म्हणून देणगीदाराचे पाच लाख आणि सभासदांची अनामत त्यात शेजारी शेजारी बसतात. अनामत सभासद सोडून जाताना परत करायची असते, तरी तिथे ती देणगीइतकीच ‘जमा’ दिसते. उत्पन्न-खर्च पत्रक मात्र एकच गोष्ट पाहतं: या वर्षी वाचनालय चालवण्यासाठी ट्रस्टने स्वतःचं म्हणून किती कमावलं आणि ते चालवायला किती लागलं.

आता ऑडिटरांचा कागद समोर ठेवा. उत्पन्नात साधारण देणग्या २,६०,००० तशाच आल्या आहेत. वर्गणी मात्र १,६५,००० धरली आहे, कारण १,९०,००० पैकी २५,००० सभासदांनी पुढच्या वर्षासाठी मार्चमध्येच भरले होते. व्याज ६०,००० मिळालं, पण त्यातले १२,००० मागच्या वर्षीचे होते आणि मागच्या ताळेबंदात ‘येणे व्याज’ म्हणून धरलेले होते. शिवाय यंदाचे १८,००० ठेवीवर चढले आहेत, हातात यायचे आहेत. म्हणून व्याज ६६,०००. एकूण उत्पन्न ४,९१,०००.

खर्चाकडे पगार ३,६०,००० आहे. तुम्ही दिलेले ३,३०,००० हे अकरा महिन्यांचे आहेत, मार्चचे ३०,००० एप्रिलमध्ये द्यायचे राहिले. मागच्या वर्षी मार्चचा पगार मार्चमध्येच दिला होता, म्हणून यंदा किर्दीत एक महिना कमी दिसतो. पगाराची तारीख चार दिवस पुढे ढकलली की जमा-खर्च पत्रक ३०,००० नी सुधारतं, आणि वाचनालयाच्या परिस्थितीत काडीचा फरक पडत नाही. त्यापुढे वीज-दुरुस्ती-छपाई १,५०,०००, ऑडिट फीचं देणं १५,००० आणि घसारा ४१,०००. बेरीज ५,६६,०००. उत्पन्न ४,९१,०००. तूट ७५,०००.

मग ५,७०,००० वाढले कुठून? सभेत हाच प्रश्न येणार आहे. एका पानावर उत्तर द्या, पण ते ऑडिटरांच्या भाषेत नको. मी स्वतः विश्वस्तांसमोर असा कागद ठेवतो:

| | रुपये |
|---|---|
| उत्पन्न-खर्च पत्रकातली तूट | –७५,००० |
| कायम निधीत आलेले | +५,००,००० |
| शिष्यवृत्ती निधीत उरलेले (३,००,००० – १,८०,०००) | +१,२०,००० |
| सभासदांची अनामत | +४०,००० |
| पुढच्या वर्षाची वर्गणी | +२५,००० |
| मार्चचा पगार आणि ऑडिट फी, अजून द्यायची | +४५,००० |
| घसारा (खर्च धरला, पण पैसा गेला नाही) | +४१,००० |
| संगणक आणि कपाटं (पैसा गेला, पण वर्षाचा खर्च नाही) | –१,२०,००० |
| येणे व्याजात वाढ (१८,००० – १२,०००) | –६,००० |
| बँकेतली वाढ | ५,७०,००० |

कागद जुळला की दोन्ही पत्रकं खरी आहेत हे सभेला दिसतं. मात्र इथे थांबू नका. महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे आणि ती या दोन्ही पत्रकांत दिसत नाही. ती ताळेबंदाच्या डाव्या बाजूला असते.

३१ मार्चला बँकेतल्या ७,१०,००० वर कुणाकुणाचा हक्क होता ते मांडा. कायम निधी ५,००,०००. शिष्यवृत्ती निधी १,२०,०००. अनामत ४०,०००. मार्चचा पगार आणि ऑडिट फी ४५,०००. पुढच्या वर्षाची वर्गणी २५,०००. एकूण ७,३०,०००. जुना कायम निधी मुदत ठेवीत वेगळा आहे, तो यात धरलेला नाही. म्हणजे ३१ मार्चला इतरांच्या पैशातले २०,००० तुम्ही खर्च करून बसला होता.

हे झालं कसं तेही बघा. वर्षाच्या सुरुवातीचे १,४०,००० मोकळे होते, त्यावर कुणाचा दावा नव्हता. वर्ष चालवताना रोखीच्या हिशेबात साधारण ४०,००० गेले: तूट ७५,०००, त्यात घसाऱ्याचे ४१,००० पैशात गेलेच नाहीत आणि ६,००० व्याजात अडकले. उरले १,००,०००. मग संगणक आणि कपाटं १,२०,००० ची घेतली. तेव्हा खात्यात साडेसहा-सात लाख दिसत असतील, म्हणून कुणाला शंका आली नसेल. निधीचा हिशेब ठेवायचा तो नेमका अशा वेळेसाठी. पैसा एकाच खात्यात असला तरी पेमेंटच्या व्हाउचरवर ‘कुठल्या निधीतून’ हा रकाना भरावा लागला असता, आणि कपाटांच्या बिलापाशी हात थांबला असता.

आता धर्मादाय कार्यालयाबद्दल. नुसतं जमा-खर्च पत्रक चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३४ प्रमाणे ऑडिटरला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक तयार करून अहवालासह द्यावं लागतं. त्यांचे नमुने १९५१ च्या नियमांत ठरलेले आहेत: ताळेबंद अनुसूची ८ मध्ये, उत्पन्न-खर्च अनुसूची ९ मध्ये. रिसीट-पेमेंटला तिथे नमुनाच नाही. तरी ते जोडा, कारण देणगीदार संस्था ते मागतात आणि परदेशी देणगीच्या वार्षिक विवरणात तर तिन्ही लागतात. पण ते पूरक आहे.

अनुसूची ९ नीट वाचली तर एक मजेची गोष्ट दिसते. भाडं आणि व्याज यांच्यापुढे ‘उपार्जित’, म्हणजे चढलेले पण हातात यायचे असलेले, आणि ‘वसूल झालेले’ असे दोन्ही पर्याय छापलेले आहेत. म्हणजे नमुना रोख पद्धतीलाही जागा देतो. म्हणूनच कित्येक लहान ट्रस्टांचं ‘उत्पन्न-खर्च पत्रक’ म्हणजे नाव बदललेलं रिसीट-पेमेंट असतं. अशा पत्रकात कायम निधीची देणगी उत्पन्नात आणि कपाटं खर्चात बसलेली मी बरीच पाहिली आहेत. रोख पद्धत ठेवलीत तरी या दोन गोष्टी चूकच. भांडवली आणि चालू यातला फरक रोख-उपार्जिताच्या वादापेक्षा वेगळा आहे, आणि निधीचा फरक त्याहूनही वेगळा.

शिष्यवृत्तीच्या १,८०,००० कडे या. तुमच्या ऑडिटरांनी त्या थेट निधी खात्याला नावे टाकल्या आहेत, म्हणून उत्पन्न-खर्च पत्रकात शिष्यवृत्तीचा मागमूस नाही. ही पद्धत चूक नाही, पण मला पसंत नाही. अनुसूची ९ मध्ये ‘ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च’ असं शीर्षक आहे आणि त्याखाली शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत असे पोटभाग आहेत. १,८०,००० मुलांना देऊनही तिथे शैक्षणिक खर्च शून्य दिसणार. त्यापेक्षा खर्चाकडे १,८०,००० दाखवायचे आणि उत्पन्नाकडे ‘शिष्यवृत्ती निधीतून वर्ग’ म्हणून तेवढेच. तूट ७५,००० च राहते, पण वाचणाऱ्याला काम दिसतं. पुढच्या वर्षापासून ऑडिटरांशी बोलून बदला आणि बदलल्याची टीप द्या. मात्र वर्ग करायची रक्कम खर्चाइतकीच हवी. तूट लपवायला ‘अजून पन्नास हजार वर्ग करू’ असं कुणी सुचवेल. तो निधी तुमचा नाही, मुलांचा आहे.

आयकराचा हिशेब तिसराच आहे आणि तो या दोन्ही पत्रकांतून अर्धा-अर्धा उचलतो. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे २०२४-२५ चा हिशेब तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो. ट्रस्टची आयकर नोंदणी चालू आहे असं धरतो. उत्पन्नात ऑडिटरांचे ४,९१,००० आणि शिष्यवृत्तीचे ३,००,०००, कारण विशिष्ट कामासाठी दिलेली देणगी म्हणजे कायम निधी नव्हे. एकूण ७,९१,०००. त्याचे ८५ टक्के म्हणजे ६,७२,३५० उद्दिष्टांवर लागायला हवेत. कायम निधीचे ५,००,००० बाहेर राहतात, पण दोन अटींवर: देणगीदाराचा तसा स्पष्ट निर्देश हवा, आणि तो पैसा कलम ११(५) मधल्या मान्य ठिकाणी, त्या निधीच्या नावाने ओळखता येईल असा ठेवलेला हवा.

खर्चाच्या बाजूला २०२२ च्या दुरुस्तीपासून प्रत्यक्ष दिलेलंच धरतात, तुमची हिशेबाची पद्धत कुठलीही असो. म्हणून मार्चचा पगार आणि ऑडिट फी यंदा नाही, पुढच्या वर्षी. घसाराही नाही, कारण वस्तूची किंमत आधीच धरली जाते. पण ऑडिटरांनी खर्चात न धरलेली कपाटं इथे पूर्ण चालतात. पगार ३,३०,०००, इतर १,५०,०००, संगणक-कपाटं १,२०,०००, शिष्यवृत्त्या १,८०,०००. एकूण ७,८०,०००. हवे होते ६,७२,३५०. निभावलं.

पण एक धोका दाखवतो. समजा तुमच्या ठरावात कुणी सहज लिहिलंय की ‘कायम निधीतून संगणक व कपाटे घ्यावीत’. १ एप्रिल २०२१ पासून कायम निधीतून केलेला खर्च उद्दिष्टांवरचा खर्च म्हणून धरला जात नाही. तो पैसा कायम निधीत परत भरला तरच धरतात, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यालाही पाच वर्षांची मुदत आहे. मग ७,८०,००० चे ६,६०,००० होतात आणि तुम्ही १२,३५० ने कमी पडता. कपाटं तीच, बिल तेच, ठरावातल्या एका ओळीने फरक पडतो. म्हणून आज सभेचं इतिवृत्त काढून ती ओळ तपासा. मागची तारीख टाकून ठराव बदलायच्या भानगडीत पडू नका. लिहिलेलं असेल तर ऑडिटरांना सांगा आणि कमी पडलेल्या रकमेसाठी पुढच्या खर्चाकरता राखून ठेवण्याचा जो विहित अर्ज असतो तो मुदतीत भरता येईल का विचारा.

देणगीदाराचं पत्रही काढा. ‘वाचनालयाच्या विकासासाठी’ असं असेल तर ती कायम निधीची देणगी नाही, पावतीवर तुम्ही काहीही छापलेलं असो. विश्वस्तांच्या ठरावाने साधारण देणगी कायम निधीची होत नाही, निर्देश देणाऱ्याचाच लागतो. एका ट्रस्टमध्ये वर्षाअखेरीस मोठ्या देणग्या ‘कायम’ करून टाकायचा परिपाठ होता. तपासणीत पत्रं मागितली तेव्हा तीनपैकी एकच निघालं, उरलेल्या दोन रकमा उत्पन्नात गेल्या आणि ८५ टक्क्यांचं गणित कोसळलं. ऑनलाइन येणाऱ्या रकमांचं तर बघायलाच नको. क्यूआर कोडवर आलेल्या पैशाबरोबर पत्र नसतं. पैसे आल्यापासून आठवडाभरात फोन करून उद्देश लेखी मागवायचा, आला नाही तर साधारण देणगी धरायची.

तुम्ही आता करायचं ते सांगतो. पाच लाखांची वेगळी मुदत ठेव करा आणि तिची पावती ‘कायम निधी’ फाइलला लावा. बचत खात्यात ठेवल्याने कायदा मोडतोच असं नाही, पण तिथे तो चालू पैशात मिसळतो आणि कपाटांसारखं पुन्हा होतं. उरतात २,१०,०००. त्यातून मार्चचा पगार आणि ऑडिट फी गेली की १,६५,०००. शिष्यवृत्तीचे १,२०,००० आणि अनामतीचे ४०,००० बाजूला काढले की ५,०००. एप्रिलचा ३०,००० पगार यातून निघत नाही आणि पुढच्या वर्षाच्या वर्गणीपैकी २५,००० आधीच येऊन गेलेत. विश्वस्तांना हेच आकडे द्या, ‘तूट’ या शब्दापेक्षा ते लवकर पटतात.

शिष्यवृत्तीच्या पैशातून पगार भागवायचा मोह एप्रिलमध्येच होईल. व्हायलाच नको, पण झालंच तर ते किर्दीत लपवू नका. ‘साधारण निधीकडून शिष्यवृत्ती निधीला देणे’ अशी नोंद करा, रक्कम आणि परतीची तारीख ठरावात लिहा. आणखी एक सोपी वाटणारी वाट म्हणजे मुदत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट. तीही कर्जच, आणि कलम ३६अ प्रमाणे विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय कर्ज घेता येत नाही. बँकेचा माणूस हे सांगणार नाही, तो एका सहीत देऊन मोकळा होईल.

टॅलीत किंवा वहीत मोठी यंत्रणा उभारू नका. चार निधी पुरे: साधारण, कायम, शिष्यवृत्ती, आणि छताचं खरंच ठरलं तर इमारत दुरुस्ती. प्रत्येक पावतीवर आणि व्हाउचरवर निधीचं नाव. अनामत निधीत घालू नका, ती देणं म्हणूनच राहू दे, सभासदवार यादीसह. दर तीन महिन्यांनी एकच तपासणी करा: कायम आणि राखीव निधींची शिल्लक, अनामत, पुढच्या वर्षाची आलेली वर्गणी, आणि द्यायची बिलं यांची बेरीज एका बाजूला, बँक आणि ठेवी दुसऱ्या बाजूला. पहिली बाजू मोठी निघाली की कुठल्या तरी निधीला हात लागला आहे. मग त्या तिमाहीची पाचेक मोठी व्हाउचरं काढून बघितली की कुठे ते सापडतं. ३१ मार्चची वाट पाहिली तर ते ऑडिटरांना सापडतं, सहा महिने उशिरा.

छतासाठी देणगी मागा, पण आवाहनात ‘इमारत दुरुस्तीसाठी’ असं स्पष्ट छापा आणि आधी गवंड्याकडून अंदाजपत्रक घ्या. गळती पावसाळ्यापर्यंत थांबणार नसेल तर आत्ता ताडपत्री घाला. तेवढा खर्च साधारण निधीतून होईल, आणि तोही वर्गणी आल्यावर.